वर्षाचा करार जरूर विका, पण गॅस त्यात धरू नका

प्रश्न: भुसावळला माझं एसी दुरुस्तीचं काम आहे, बारा वर्षं झाली. मी आणि एक हेल्पर. दीडेकशे घरं दरवर्षी मलाच बोलावतात. फेब्रुवारीत त्यातल्या शंभर जणांना दोन हजारांत वर्षाची एएमसी द्यावी म्हणतो, गॅस-पार्टसकट सगळं. दोन लाख एकदम हातात येतील. त्यातले लाखभर जुन्या व्हॅनच्या डाउन पेमेंटला टाकतो. जमेल का?

उत्तर: एएमसी विकायला माझी हरकत नाही. पण ‘गॅस-पार्टसकट सगळं’ म्हटलं की तुम्ही मेकॅनिक राहत नाही, विमा कंपनी होता. आणि विमा कंपनीचं गणित ज्यावर चालतं तीच गोष्ट तुमच्याकडे नाही. विम्यात सगळ्यांचं नुकसान एकाच आठवड्यात होत नाही, असं धरलेलं असतं. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की सगळ्यांचे एसी एकाच वेळी कण्हायला लागतात. वळवाच्या पावसात एकाच फिडरवरच्या पाच घरांचे पीसीबी एकाच रात्री जातात. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल.

आधी एका फेरीचा खर्च मांडू. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या डायरीतले घालून पुन्हा करा. हेल्परचे दिवसाचे ५००, पेट्रोल २००, केमिकल आणि जेट पंपाची झीज १००, आणि तुमची स्वतःची मजुरी १,२०० धरा. स्वतःची मजुरी न धरता हिशेब करणारे कारागीर मी खूप पाहिलेत, आणि त्या हिशेबात धंदा नेहमी नफ्यात दिसतो. दिवसाचे झाले २,०००. पाच घरं केली तर एक फेरी ४०० रुपयांना पडते.

आता तुमची दोन हजारांची एएमसी. दोन सर्व्हिसिंग आणि सरासरी दीड तक्रार, म्हणजे साडेतीन फेऱ्या, म्हणजे १,४०० रुपये. उरले ६००, शंभर करारांचे ६० हजार. त्यातून पार्ट द्यायचे आहेत. शंभरात वीस मशिनला गळती निघाली आणि शोधणं, ब्रेझिंग, व्हॅक्यूम, गॅस मिळून प्रत्येकी १,५०० लागले, तर ३० हजार गेले. दहा पीसीबी चार-चार हजारांचे, ४० हजार. तीन कॉम्प्रेसर दहा-दहा हजारांचे, ३० हजार. एक लाख झाले आणि हातात आहेत साठ हजार. वर्षभर उन्हात गच्चीवर चढून ४० हजारांचा तोटा. शिवाय आज याच गिऱ्हाइकांकडून गॅसचे आणि पार्टचे जे पैसे वेगळे मिळतात, तेही बंद होतील.

आणखी एक गंमत होते. तुमच्याकडे आधी सही करायला कोण येईल? ज्याचा एसी बारा वर्षांचा आहे तो. ज्याचं मशीन मागच्या वर्षीचं आहे तो म्हणेल, “बघू भाऊ, दिवाळीनंतर.” त्यामुळे शंभरात वीस गळत्या हा माझा अंदाज कमीच असू शकतो.

म्हणून करार फक्त मजुरीचा ठेवा: दोन सर्व्हिसिंग, आणि मध्ये बिघाड झाला तर दोन फेऱ्या बिनपैशाच्या. गॅस आणि पार्ट वेगळे, पण त्यांचा दर करारातच छापलेला. किंमत किती ठेवायची? आज सर्व्हिसिंगला ६०० आणि तक्रारीला ३५० घेत असाल, तर दोन सर्व्हिसिंग आणि एक तक्रार मिळून गिऱ्हाईक १,५५० देतंच. मजुरीच्या कराराला दोन हजार कोणी देणार नाही. १,६०० ठेवा. पन्नास रुपये जास्त देऊन त्याला दुसरी फेरी आणि उन्हाळ्यात आधीचा नंबर मिळतो. तुमच्याकडे सरासरी तीन फेऱ्या, म्हणजे १,२०० खर्च, ४०० उरतात. रक्कम मोठी नाही. खरा फायदा दुसरीकडे आहे: एक सर्व्हिसिंग फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि दुसरं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकल्यामुळे तुमचे रिकामे महिने भरतात आणि मे महिना पैसे देणाऱ्या तातडीच्या कामांना मोकळा राहतो. एएमसी त्यासाठीच विकायची.

किती जणांना द्यायची, हेही मे महिनाच ठरवेल. घाई करून तुम्ही उन्हाळ्यात दिवसाला सहा घरं करता असं धरू. त्यातली निम्मी कराराच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवली तर आठवड्याला अठरा फेऱ्या होतात. सगळ्यात वाईट आठवड्यात करारवाल्यांपैकी एक तृतीयांश जण फोन करतील असं धरलं, तर ५४ च्या वर करार झेपणार नाहीत. पहिल्या वर्षी पन्नासवर थांबा. एकावन्नाव्याला नाही म्हणणं जड जाईल. पण आखाजीला लेकी माहेरी आल्यात, घर भरलंय, एसीतून वाफ येतेय आणि तुमचा फोन लागत नाही, हे त्याहून जड आहे. तेव्हा गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं: “अरे भो, वर्षाचे पैसे घेतले ना?”

आता अटी. भांडणं नेहमी एका शब्दावरून होतात. माझ्या घरच्या पाण्याच्या फिल्टरची एएमसी मी ‘ऑल पार्ट कव्हर्ड’ वाचून घेतली होती. आठव्या महिन्यात मेंब्रेन गेला, तर तो म्हणे पार्ट नाही, झिजणारी वस्तू आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात मेंब्रेनच आधी जाणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं का? नूतनीकरण मी केलं नाही.

तुम्ही बहुधा असं छापाल: “सर्व मेंटेनन्स मोफत, मोठे पार्ट वेगळे.” अडीचशे रुपयांचा कपॅसिटर मोठा की छोटा? तुमच्या मते बिल वेगळं, गिऱ्हाइकाच्या मते तो छोटाच. त्याऐवजी असं लिहा: “या करारात कोणताही पार्ट येत नाही. कपॅसिटर, पीसीबी, फॅन मोटर, सेन्सर, रिमोट, कॉम्प्रेसर यांचे पैसे वेगळे. पार्ट बदलण्याआधी किंमत सांगून होकार घेतला जाईल. बसवायची मजुरी लागणार नाही.” वाचायला रुक्ष आहे, पण यात वाद घालायला फट नाही.

गॅसचं वाक्य सगळ्यात जपून लिहा, कारण गिऱ्हाइकाला वाटतं गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपतो. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. म्हणून: “गॅस कमी आढळल्यास गळतीची तपासणी मोफत. गळती दुरुस्ती आणि गॅस भरणे सोबतच्या दराने. गळती दुरुस्त न करता गॅस भरला जाणार नाही.” हे शेवटचं वाक्य तुमच्याच बचावाचं आहे. नुसता गॅस भरून दिला की महिनाभरात तोच माणूस फुकटच्या फेरीत तुम्हाला परत बोलावतो.

फेरी कशाला म्हणायचं, तेही ठरवा. तुम्ही केलेल्या दुरुस्तीत तोच दोष ३० दिवसांत परत आला तर ती फेरी मोजायची नाही. रिमोटचे सेल गेले होते किंवा एमसीबी खाली पडला होता, तर मोजायची. तिसऱ्या फेरीपासून ३०० रुपये. येण्याची मुदत दोन दिवस, आणि १५ एप्रिल ते १५ जून तीन दिवस. ही मुदत आधीच लांब छापा, फोनवर लांबवू नका. व्होल्टेज, वीज पडणं, उंदरांनी वायर कुरतडणं, एसी दुसरीकडे हलवणं आणि दुसऱ्या मेकॅनिकने मशीन उघडणं हे बाहेर. कोणी घर बदललं, तर न झालेल्या सर्व्हिसिंगचे ६०० परत. हे सगळं मराठीत, एका पानावर, वाचता येईल अशा अक्षरात.

करार माणसाशी नाही, मशीनशी असतो. म्हणून प्रत्येक मशीनचा सीरियल नंबर लिहा, नंबरप्लेटचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि पैसे घेण्याआधी मशीन चालवून बघा. क्लॅम्प मीटरवर करंट किती, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानात फरक किती, फ्लेअरच्या सांध्यावर तेलाचा डाग आहे का. डाग दिसला तर आधी पैसे देऊन दुरुस्ती, मग करार. ज्या मशीनची कंपनीची वॉरंटी चालू आहे त्याला हात लावण्याआधी वॉरंटी कार्ड वाचा. बाहेरच्याने सील उघडलं म्हणून कॉम्प्रेसरची वॉरंटी गेली, तर बोल तुम्हाला बसेल.

राहिला पैसा. पन्नास करारांचे ८० हजार येतील, पण ते त्या दिवशी तुमचे नसतात. प्रत्येक १,६०० मधले ६०० पहिलं सर्व्हिसिंग केल्यावर तुमचे, ४०० उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या फेऱ्यांचे, ६०० ऑक्टोबरच्या सर्व्हिसिंगचे. मार्चअखेर पन्नास सर्व्हिसिंग झाली असतील तर ३० हजार काढा. उरलेले ५० हजार वेगळ्या बचत खात्यात ठेवा, ज्याचं यूपीआय तुमच्या फोनवर नाही. एप्रिल ते सप्टेंबर त्यातून २० हजार हळूहळू निघतील. १ ऑक्टोबरला खात्यात ३० हजार असायलाच हवेत. कमी असतील तर तुम्ही न केलेल्या कामाचे पैसे खाल्लेत, आणि पुढच्या फेब्रुवारीचे करार यंदाच्या सर्व्हिसिंगचं पेट्रोल भरणार आहेत. ही साखळी दोन-तीन वर्षं कोणाला दिसत नाही. ज्या वर्षी नवे करार कमी होतात, त्या वर्षी दिसते.

व्हॅन मला नको वाटते असं नाही. शिडी आणि जेट पंप दुचाकीवर नेणं किती दिवस चालणार? पण तिचं डाउन पेमेंट मे-जूनच्या रोख कामातून जमवा आणि ती दिवाळीच्या सुमारास घ्या. हप्ता ठरवताना डिसेंबर-जानेवारीची कमाई बघा, मे महिन्याची नको.

जीएसटीचं एक सांगून ठेवतो. पार्ट धरून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावताही येत नाही. नोंदणी असेल, तर सेवेच्या आगाऊ पैशांवर कर ते हातात आल्यावरच लागतो, सर्व्हिसिंग ऑक्टोबरला असलं तरी. तेव्हा १,६०० मध्ये कर धरलाय की वरून, हे करारावर लिहा.

प्रत्येक कराराच्या पानामागे फेऱ्यांच्या तारखा लिहीत चला. पुढच्या जानेवारीत ती पन्नास पानं पुढ्यात घ्या. ज्याच्याकडे चारपेक्षा जास्त फेऱ्या झाल्या, त्याला त्याच भावात नूतनीकरण देऊ नका, मग तो कितीही जुना गिऱ्हाईक असो.