मोडीतल्या दोन उभ्या रेघा: काढू का, ठेवू?

प्रश्न: "आजोबांच्या ट्रंकेत मोडीतलं वाटणीपत्र सापडलं. अक्षरं बऱ्यापैकी लागतात, पण देवनागरीत टाइप केलं की वाक्यं लागत नाहीत. मधेमधे दोन उभ्या रेघा येतात. विरामचिन्हं समजून काढून टाकल्या तर चालेल का?"

भाऊ, नका काढू. तुमचा प्रश्न वाचून माझा पाच वर्षांपूर्वीचा एक अख्खा उन्हाळा डोळ्यांसमोर आला. नागपूरचा मे महिना, कूलरची घरघर, समोर पणजोबांच्या वेळचं वाटणीपत्र आणि मी तुमच्याच प्रश्नाशी अडलेलो.

मोडीत मुळात विरामचिन्हं नसतात हे तुम्हाला माहीत असेलच. मग त्या रेघा कशाच्या? बहुतेक वेळा दोन कामांच्या. अक्षराला लागून आली तर शब्द तोडून लिहिलाय: मु॥ म्हणजे मुक्काम, रु॥ म्हणजे रुपये. आकड्याला लागून किंवा आकड्याच्या जागी एकटी आली तर तो अपूर्णांक: । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण. रुपया तेव्हा सोळा आण्यांचा, म्हणून तेच अनुक्रमे चार, आठ आणि बारा आणे.

मी कागद टाइप करून एका कार्यालयात दिला. कोणतं ते सांगत नाही, अजून तिथे जावं लागतं. टेबलावरच्या साहेबांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "या दंड्या काय लावल्या? शुद्ध मराठीत आणा." मीही शहाणा. घरी येऊन फाइंड-रिप्लेस मारला, ॥ आणि । दोन्ही साफ, आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. मूळ टाइप केलेली प्रत उरलीच नाही.

कागदात तिघांची वाटणी होती. पणजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढे ॥ हिस्सा आणि कर्जापैकी रु॥ ७५, दोघा धाकट्यांपुढे । हिस्सा आणि रु॥ ३७॥ प्रत्येकी. खाली बेरीज १५०. माझ्या "शुद्ध" प्रतीत हिस्स्याचा रकाना तिघांचाही कोरा झाला, कारण तिथे रेघांशिवाय काही नव्हतंच. रकमा उरल्या ७५, ३७ आणि ३७. साहेबांनी बेरीज केली, १४९ आली, आणि कागदच संशयास्पद म्हणून परत. रेघा काढायला सांगणारे तेच, बेरीज करून दाखवणारेही तेच! दोन महिने गेले बाप्पा, पुन्हा पहिल्या ओळीपासून टाइप करण्यात.

तेव्हापासून माझी पद्धत अशी, पटली तर घ्या. पहिल्या फाइलमध्ये ओळीला ओळ, जसं दिसतं तसं उतरवायचं. अडलेल्या अक्षराच्या जागी [?] टाकायचं, अंदाज नाही. त्या फाइलला नंतर हात लावायचा नाही. दुसऱ्या प्रतीत सलग लिहिलेले शब्द सुटे करायचे, आणि रेघ न काढता तिचा अर्थ चौकोनी कंसात लिहायचा: मु॥ [मुक्काम], ३७॥ [साडेसदतीस]. आजचं शुद्धलेखन हवंच असेल तर त्याची तिसरी प्रत. ॥ टाइप करताना दोन सुट्या । जोडू नका, जोड-दंडाचं एकच चिन्ह वापरा, नाहीतर शोधताना अर्धे सापडत नाहीत. आणि जिथे बेरीज दिली आहे तिथे ती करून बघाच. वाचन चुकलं की आधी तिथेच कळतं.

वाक्यं न लागण्याचं कारण वेगळं. एकाच शिरोरेषेखाली शब्द सलग लिहिलेले असतात. आमच्या कागदात "यासनदेता" होतं. मी चार दिवस "या सनदे ता..." वाचत कुठली सनद ते शोधत बसलो. निघालं "यास न देता". न सुटा आहे की शब्दातला, हे पुढचं क्रियापद पाहिल्याशिवाय ठरवू नका. ऱ्हस्व-दीर्घावर तर वेळ घालवूच नका. मोडी लिहिणारे त्यात फरक करत नसत. नावं मात्र घरात म्हणतात तशीच लिहा.

एक बिनमागी टीप. साल वाचताना शक्यतो संवत्सराचं नाव शोधा. आमचा शके १७९७ मला आधी १७९१ वाटला होता, कारण लिहिणाऱ्याचा ७ सपाट आणि घाईचा. शेजारी "युवा नाम संवत्सरे" होतं. १७९१ चा संवत्सर शुक्ल, युवा १७९७ चा. म्हणजे कागद इ. स. १८७५-७६ चा, सहा वर्षांचा फरक एका नावाने मिटला.

मी वकील नाही, मोडीचा पंडित तर मुळीच नाही. कोर्टात द्यायचा असेल तर प्रमाणित मोडीवाचकाची सहीची प्रत लागेल, माझ्या भरवशावर जाऊ नका. आणि कागद लॅमिनेट केला नसेल तर करू नका. आमच्या काकांनी करून ठेवलाय. आता चकाकीमुळे शेवटच्या दोन ओळींचा फोटोच नीट येत नाही.