बेसिनवरच्या आरशाचा लाइट: कुंकवाचा रंग आणि माळ्यावरचा ड्रायव्हर

प्रश्न: बेसिनवर लाइटवाला आरसा घ्यायचाय. बाथरूम लहान आहे, शॉवर अगदी शेजारीच. लाइट बाजूंना असलेला बरा की वर? आणि सीआरआय, आयपी हे आकडे किती बघायचे?

उत्तर: लाइट दोन्ही बाजूंनाच घ्या. मी मुंबईत चौदा वर्षं लाइट फिटिंगची कामं करतोय. तुमच्यासारखंच एक बाथरूम गेल्या वर्षी परळला केलं, त्यावरूनच सांगतो.

त्या घरी आधी आरशाच्या वर एक आडवी पट्टी होती. काकूंची तक्रार एवढीच होती, की लाइट लावला तरी तोंड धड दिसत नाही. मी समोर उभा राहिलो तर डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली गडद सावल्या. उजेड वरून आला की असंच होणार, वॅट वाढवून उपयोग नाही. उलट सावली जास्तच ठळक होते. उभ्या दोन पट्ट्या चेहऱ्याच्या उंचीला असल्या की डावीकडची सावली उजवीकडचा उजेड पुसतो. आम्ही दोन फूट रुंद आरसा घेतला, दोन्ही कडांना दुधी काचेच्या पट्ट्या असलेला, आणि पट्टीचा मध्य डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवला. आरशामागून भिंतीवर उजेड पाडणारे आरसे दिसायला सुरेख असतात, पण त्यांचा उजेड भिंतीवर पडतो, तोंडावर नाही.

आता रंग. खोक्यावर ‘सीआरआय ८०’ लिहिलेलं असतं आणि दुकानदार तेवढ्यावर खूश असतो. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, आणि तो आठ फिकट रंगांची सरासरी आहे. गडद लाल त्यात धरतच नाहीत, त्याचा वेगळा आकडा असतो, आर९. सीआरआय ८० च्या एलईडीत आर९ शून्याच्या आसपासही असू शकतो. आपली कातडी, ओठ, दाढी करताना झालेली कापाकापी, सगळ्यात लाल रंगच मोठा, म्हणून चेहरा मेलेला दिसतो. सीआरआय ९० च्या वर आणि आर९ निदान ५० असलेला आरसा मागा. आर९ खोक्यावर सहसा नसतो, डेटा शीट मागावी लागते.

ती मिळाली नाही तर माझी पद्धत वापरा. मुंबईत लोहार चाळीच्या लाइटच्या बाजारात जाताना पुडीत चिमूटभर कुंकू न्या. तळहातावर घेऊन आरशाच्या उजेडात धरा, मग दुकानाच्या दारात येऊन दिवसाच्या उजेडात बघा. लाइटखाली कुंकू तपकिरी किंवा मळकट वाटलं तर तो आरसा सोडा. उजेडाचा रंग ४००० केल्विन घ्या. ६५०० वाला निळसर पांढरा आपल्या सावळ्या कांतीवर राखेसारखा दिसतो.

शेवटी ओल, आणि खरी फसगत इथेच आहे. आयपी हा आकडा धूळ आणि पाणी आत शिरण्यापासून किती बचाव आहे ते सांगतो. आयपी ४४ मधला दुसरा आकडा म्हणजे सगळ्या बाजूंनी उडालेल्या पाण्यापासून बचाव. बेसिनवर एवढं पुरतं. पण ती चाचणी शिंतोड्यांची आहे, वाफेची नाही. परळच्या त्या घरी आम्ही दोन फुटांवर शॉवर असूनही आधी ड्रायव्हर, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज एलईडी पट्टीला चालेल अशी करून देणारी डबी, आतच असलेला आयपी ४४ चा आरसा लावला. पावसाळा लागला आणि लाइट उशिरा पेटायला लागला, मग लुकलुकायला लागला. उघडून बघितलं तर पट्टी ठणठणीत, ड्रायव्हरच्या पायांना मात्र हिरवट गंज. मागे वायर जिथून शिरते ते भोक मीच रबर न लावता सोडलं होतं. गरम पाण्याची वाफ तिथून आत जायची आणि थंड भिंतीला लागून तिचं पाणी व्हायचं.

म्हणून मग २४ व्होल्टची पट्टी असलेला आरसा लावला आणि ड्रायव्हर बाथरूमच्या बाहेर, माळ्यावर नेला. माळा जुन्या मुंबईच्या घरांत असतोच, आणि वायर भोक पाडून खाली आणणं सोपं जातं. भोकाभोवती सिलिकॉन भरलं. तुमचं शॉवर आडोशाशिवाय उघडं असेल आणि आरसा त्याच्या १२० सेंटिमीटरच्या आत येत असेल, तर २३० व्होल्टचा आरसा तिथे लावूच नका. तिथे कमी व्होल्टेजची पट्टी, निदान आयपी ४४, आणि ड्रायव्हर बाहेर, एवढंच चालतं. बोर्डवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच, आहे ना, तेही वायरमनकडून टेस्टचं बटण दाबून बघून घ्या. बटण दाबल्यावर ती लगेच पडली नाही, तर आरशाआधी ती बदला.