एएमसीचा करार मालकांसाठी एका पानात कसा मांडायचा?

प्रश्न : भोसरीत आमचं वर्कशॉप आहे, दोन शिफ्ट, गुरुवारी सुट्टी. व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, चौदा पानी ड्राफ्ट आलाय, वर्षाला 1,20,000 अधिक जीएसटी. शेठ म्हणाले, "मला एका पानात काढून दे." महत्त्वाच्या कलमांचे फोटो सोबत जोडले आहेत. काय लिहू, काय सोडू?

उत्तर :

फोटो पाहिले. कलमांचं नुसतं मराठी करून दिलंत तर शेठना त्यातून काही कळणार नाही. त्यापेक्षा एक बिघाड धरा आणि तो करारातून चालवून बघा. आलेलं उत्तर लिहा, शेजारी कलम क्रमांक टाका.

धरा, शुक्रवारी दुपारी साडेचारला मशीनच्या मोटरला चालवणारा सर्व्हो ड्राइव्ह गेला आणि तुम्ही लगेच कंप्लेंट टाकली. करारात रिस्पॉन्स टाइम "24 वर्किंग अवर्स" आहे. व्याख्यांच्या पानावर वर्किंग अवर्स म्हणजे सोमवार ते शुक्रवार, साडेनऊ ते साडेपाच. म्हणजे शुक्रवारचा एक तास, सोमवार आणि मंगळवारचे आठ-आठ, उरलेले सात बुधवारी. इंजिनिअर बुधवारी दुपारी साडेचारला दारात उभा राहिला तरी तो वेळेवर आला! तुमचं शॉप शनिवार-रविवार चालतं, त्यांचं बंद. शिवाय रिस्पॉन्स म्हणजे माणूस येणं, मशीन चालू होणं नव्हे. दुरुस्तीसाठी वेगळे 72 तास दिलेत आणि तेही "स्पेअर मिळाल्यापासून". शेठच्या पानावर पहिलं वाक्य हेच जाऊ द्या: "शुक्रवारी संध्याकाळी बंद पडलं तर बुधवारी संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही तरी तक्रार करता येणार नाही."

आता दंड. वरच्याच उदाहरणात ड्राइव्ह यायला त्याच्या पुढच्या आठवड्याचा बुधवार उजाडला आणि त्याच संध्याकाळी मशीन सुरू झालं, असं धरा. मधला गुरुवार वगळून तुमचे अकरा दिवस गेले. मशीनचा तासाचा दर 600 आणि दिवसाचे 16 तास धरले तर रोजचे 9,600, म्हणजे एकूण 1,05,600 रुपये. दर तुमचा खरा टाका. करारानुसार दंड किती? शून्य. रिस्पॉन्स वेळेत होता आणि स्पेअरची वाट पाहण्याचा काळ मोजायचाच नाही. समजा दंड लागला, तरी तो दिवसाला कराराच्या रकमेच्या अर्धा टक्का, म्हणजे 600 रुपये, आणि वर्षभराची कमाल पाच टक्के, म्हणजे 6,000. वर्षाचा सगळा दंड तुमच्या एका दिवसाच्या नुकसानीएवढाही नाही. तो रोख मिळत नाही, पुढच्या नूतनीकरणात क्रेडिट नोट म्हणून वळता होतो. करार पुढे चालू ठेवला नाही तर तोही गेला.

वगळलेल्या भागांची यादी शेवटच्या परिशिष्टात असते, तुमच्याकडेही तिथेच आहे. स्पिंडल, बॉलस्क्रू, गाइडवे बाहेर. बेल्ट, फिल्टर, वायपर, सील बाहेर. बॅटरीसुद्धा "कंझ्युमेबल" म्हणून बाहेर. ती स्वस्त असते, पण वेळेत न बदलल्यामुळे मशीनचा झिरो म्हणजे मोजमापाचा आरंभबिंदू किंवा साठवलेले पॅरामीटर उडाले तर तो बिघाड कोणाच्या खात्यात, हे ड्राफ्टमध्ये कुठेच नाही. विचारून घ्या.

त्याहून जपायची ओळ यादीच्या खाली बारीक अक्षरात आहे: व्होल्टेजची चढउतार, टक्कर किंवा चुकीची हाताळणी यामुळे झालेलं नुकसान कराराबाहेर. म्हणजे ड्राइव्ह यादीनुसार आत असला तरी कारणामुळे बाहेर जाऊ शकतो. आणि कारण कोण ठरवणार? त्यांचाच इंजिनिअर, सर्व्हिस रिपोर्टवर. तो "पॉवर फ्लक्चुएशन" लिहितो, रात्रपाळीचा ऑपरेटर न वाचता सही करतो, आणि ड्राइव्हचं बिल तुमच्याकडे येतं. म्हणून पानावर लिहा की सर्व्हिस रिपोर्टवर सही फक्त मेंटेनन्सवाल्याची, आणि कारण मान्य नसेल तर सहीच्या वर तसा शेरा. स्टॅबिलायझरच्या रीडिंगची नोंदवही असेल तर ती अशा वेळी कामी येते.

लवाद, न्यायक्षेत्र, गोपनीयता यांना मिळून एक ओळ पुरे. "आनुषंगिक नुकसानीची जबाबदारी नाही" हे कलम मात्र सोडू नका. त्यामुळे वरचे लाखभर रुपये वेगळे मागायची वाटही अडते.

तळाला, सही करण्याआधी मागायच्या गोष्टी तीनच ठेवा: रिस्पॉन्स घड्याळी तासांत आणि शनिवार धरून, ड्राइव्हसारख्या भागांसाठी स्पेअर पुरवण्याची कमाल मुदत, आणि दंड क्रेडिट नोटऐवजी चालू बिलातून वजा. पाच टक्क्यांची मर्यादा ते सहसा फारशी हलवत नाहीत, तिथे जोर घालवू नका. सेल्सवाला फोनवर "हो हो, करू" म्हणाला तर ते पानावर लिहू नका, परिशिष्टात आल्यावरच लिहा.