वॉरंटनंतर शेअरची डायल्युटेड किंमत

ऐरोलीतल्या आमच्या कंपनीचं मूल्य १० कोटी, शेअर १० लाख, ६० रुपयांत एक शेअर घेण्याचा हक्क देणारे २ लाख वॉरंट. ट्रेझरी स्टॉक पद्धतीने मला ९२.५९ आले, सीए ९३.३३ म्हणतात. चूक कुठे?

बायबॅकचा भाव तुम्ही १०० धरलात, तिथे. वॉरंटचे १.२ कोटी आले, त्यातून १.२ लाख शेअर परत घेतले, निव्वळ ८० हजार वाढले. पण मग शेअर १०० चा राहतोच कुठे? आलेल्या ९२.५९ ने बायबॅक पुन्हा करा, असं करत गेलात की आकडा ९३.३३ वर स्थिरावतो. ताळा सोपा आहे: ११.२ कोटी भागिले १२ लाख. लिस्टेड कंपनीच्या ईपीएसला, म्हणजे प्रति शेअर कमाईला, मात्र इंड एएस ३३ या लेखा मानकाप्रमाणे सरासरी बाजारभावच घ्यायचा.