स्क्वॉटच्या व्हिडिओला सबटायटल लावताना

पहिला व्हिडिओ तीस सेकंदांचाच घ्या. अ‍ॅपने आपोआप लिहिलेला मजकूर आधी आवाज ऐकत दुरुस्त करा, मग आवाज बंद करून नुसता वाचा. तुम्ही म्हणालात "गुडघे आत नेऊ नका" आणि पडद्यावर "गुडघे आत नेऊ" एवढंच उरलं, तर ऐकू न येणारा माणूस नेमकं उलटं करेल. म्हणून "नका", आकडे आणि डावं-उजवं मी सगळ्यात आधी तपासतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- बोललेला शब्द न् शब्द टाकणं. "तर मंडळी, आता काय करायचंय, श्वास घेत हळूहळू खाली जायचंय" याचं "श्वास घेत हळू खाली जा" करा. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको.
- सूचना हालचालीसोबतच दाखवणं. वाचणं आणि गुडघ्यांकडे बघणं एकदम जमत नाही. तुम्ही खाली जाण्याआधी ती वाचून झालेली हवी, म्हणून चित्रीकरणातच क्षणभर थांबा.
- ओळ तळाशी ठेवणं. उभ्या व्हिडिओत तिथे अ‍ॅपचा मजकूर येतो, शिवाय पावलं झाकली जातात. डोक्यावर जागा सोडून चित्रीकरण करा आणि ओळ तिथे ठेवा, पण अगदी वरच्या कडेला नाही.

शिट्टीवर उठायचं असेल तर "शिट्टी: उठा" असंही लिहा. रंग, अ‍ॅनिमेशन सध्या राहू द्या.