मंडळावर कोण कोणाच्या वतीने बसलंय, ते सहीआधी पाहा

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी आहे. एका मित्राच्या कंपनीत स्वतंत्र संचालक व्हा, असा आग्रह आहे आणि सही याच महिन्यात हवी आहे. कंपनी पब्लिक लिमिटेड आहे, शेअर बाजारात नोंद नाही, उलाढाल १३० कोटी. मंडळावर मित्र व्यवस्थापकीय संचालक, त्याचा भाऊ पूर्णवेळ संचालक, कर्ज देणाऱ्या संस्थेचा एक नॉमिनी आणि एक स्वतंत्र संचालक आहेत. दुसऱ्या स्वतंत्र संचालकाने नुकताच राजीनामा दिला. तीन वर्षं मी याच कंपनीला वित्तीय सल्ला देतो, त्याचे वर्षाला ३ लाख मिळतात. पेन्शन धरून माझं उत्पन्न १४ लाख आहे. ‘पद नावापुरतं आहे, जबाबदारी काही नाही,’ असं मित्र म्हणतो. होकार देऊ का?

उत्तर : नको. निदान या पदाला आणि या घाईत नको.

पहिलं कारण साध्या हिशेबाचं आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १४९(६) प्रमाणे स्वतंत्र संचालकाचा कंपनीशी आर्थिक संबंध नसावा लागतो. चालू आर्थिक वर्ष आणि त्याआधीची दोन वर्षं त्यासाठी पाहतात. सूट आहे ती स्वतःच्या एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच्या व्यवहारांना. तुमच्या बाबतीत ही मर्यादा १ लाख ४० हजार होते आणि तुम्हाला मिळतात ३ लाख. सल्ल्याचं काम आज थांबवलंत तरी हे वर्ष आणि पुढची पूर्ण दोन आर्थिक वर्षं जावी लागतील. स्वतंत्र संचालकाला मंडळाच्या पहिल्या बैठकीत आपण स्वतंत्र असल्याचं लेखी घोषणापत्र द्यावं लागतं, आणि नंतर दरवर्षी. तुमच्या सहीने दिलेलं ते घोषणापत्र खोटं ठरेल. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या निवेदनाची शिक्षा या कायद्यात फसवणुकीइतकीच कडक आहे. मित्राला हा नियम ठाऊक नसेल, पण कंपनीच्या सेक्रेटरीला नक्की असायला हवा.

घाई कशाची, तेही सांगतो. उलाढाल १०० कोटी किंवा जास्त असलेल्या पब्लिक कंपनीला किमान दोन स्वतंत्र संचालक ठेवावेच लागतात. एकाची जागा रिकामी झाली की ती पुढच्या बैठकीपर्यंत किंवा तीन महिन्यांत, यातली जी तारीख नंतरची असेल तोवर भरायची असते. ती मुदत बहुधा संपत आली आहे. म्हणजे कंपनीला तुमच्या अनुभवापेक्षा रकान्यात एक नाव जास्त हवं आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे.

आता मंडळाकडे जरा निरखून पाहू. दोन्ही कार्यकारी संचालक भाऊ आहेत. रोजचा कारभार, खरेदी, वसुली, बँकेतल्या सह्या यांची खरी माहिती त्या दोघांनाच असते आणि मंडळापुढे येणारा प्रत्येक कागद त्यांच्याच हातून येतो. घराबाहेरचा, उदाहरणार्थ वित्तप्रमुख, पूर्णवेळ संचालक म्हणून मंडळावर असता, तर प्रश्न विचारल्यावर दुसऱ्या तोंडून उत्तर मिळण्याची सोय असती. इथे ती नाही. कुटुंबाच्या कंपनीत हे सर्रास आढळतं, त्यात बेकायदा काही नाही. फक्त स्वतंत्र संचालकाचं काम त्यामुळे दुप्पट अवघड होतं.

माझ्या मते सगळ्यात बोलका आहे तो नॉमिनी. पूर्वी शेअर बाजाराच्या नोंदणी करारात वित्तसंस्थेचा प्रतिनिधी स्वतंत्र धरला जाई. २०१३च्या कायद्याने ते बंद केलं, आणि ते योग्यच झालं. तो ज्या संस्थेने पाठवला तिच्या पैशावर लक्ष ठेवायला येतो. कलम १६६ प्रमाणे त्याचं कर्तव्य कंपनीशीच असतं, तरी लाभांश थांबवून किंवा मालमत्ता विकून कर्ज आधी फेडा, असा त्याचा कल असणं स्वाभाविक आहे. छोट्या भागधारकाला ते परवडेलच असं नाही. म्हणून ‘मोठ्या संस्थेचा माणूस मंडळावर आहे, म्हणजे सगळं ठीक असणार,’ हा निष्कर्ष काढू नका.

तो कधी आला, हे मात्र जरूर तपासा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या तारणांची नोंद असते, आणि थोडं शुल्क भरून संचालकांच्या नेमणुकीचे DIR-12 फॉर्म पाहता येतात. दोन्ही तारखा शेजारी ठेवा. कर्जाचं तारण नोंदल्यानंतर लगेच नॉमिनी आला असेल, तर तो बहुधा करारातला नेहमीचा हक्क आहे. समजा तारण २०२१चं आणि नॉमिनी २०२४मध्ये आला. मग त्याच्या आधी त्याच संस्थेचा दुसरा कोणी होता का ते बघा. नसेल, तर हप्ते थकल्यावर संस्थेने राखून ठेवलेला हक्क वापरला असण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही बँकेत होता, पुढचे प्रश्न मी सांगायला नकोत.

गेलेल्या स्वतंत्र संचालकाचं राजीनामापत्रही DIR-12सोबत जोडलेलं असतं. त्यात बहुतेक वेळा ‘वैयक्तिक कारण’ एवढंच असतं. मग तो इतर कंपन्यांच्या मंडळांवर अजून आहे का, ते पाहा. तिथे राहिला आणि फक्त इथून गेला असेल, तर त्याला एकदा प्रत्यक्ष भेटा. तो काय बोलतो त्याइतकंच काय टाळतो, हेही कळेल.

‘जबाबदारी काही नाही’ हे अर्धसत्य आहे. कलम १४९(१२) स्वतंत्र संचालकाला संरक्षण देतं, पण ते सशर्त आहे. मंडळाच्या कामकाजातून त्याला कळलेली आणि त्याने संमती दिलेली, किंवा पुरेशी दक्षता न घेतल्यामुळे घडलेली चूक त्याला चिकटते. माझे एक अशील अशा पदावर होते. प्रवर्तकाच्या दुसऱ्या फर्मला बिनव्याजी आगाऊ रक्कम द्यायला त्यांनी बैठकीत तोंडी विरोध केला. इतिवृत्ताचा मसुदा ईमेलने आला, त्यात ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं होतं. बैठकीनंतर १५ दिवसांत मसुदा पाठवायचा आणि संचालकाने ७ दिवसांत दुरुस्ती कळवायची, असा नियम आहे. यांनी ईमेल उघडलाच नाही. पुढे चौकशीत ‘मी विरोध केला होता’ हे सिद्ध करायला त्यांच्याकडे एक ओळही नव्हती. प्रकरण मिटायला फार त्रास झाला, आणि त्या काळातल्या चुकांची जबाबदारी राजीनामा देऊनही सुटत नाही.

मित्राला लेखी कळवा : सल्लाशुल्कामुळे मी स्वतंत्र संचालक ठरू शकत नाही. DIR-2 या संमतीपत्रावर सही करू नका. कंपनीला तुमचा अनुभव खरोखर हवा असेल, तर अकार्यकारी संचालक म्हणून बोलावता येईल, अर्थात स्वतंत्र हे बिरुद न लावता. पण तशी नेमणूक झाल्याने दुसऱ्या स्वतंत्र संचालकाची जागा भरत नाही. हे कळल्यावरही आमंत्रण कायम राहतं का, ते पाहा. राहिलं, तर गेल्या चार बैठकींची इतिवृत्तं, कर्जकरारातलं नॉमिनीविषयीचं कलम आणि भावांच्या इतर फर्मशी झालेल्या व्यवहारांची यादी मागा, आणि ते कागद घेऊन माझ्याकडे या.