बदामाच्या दुधासाठी एसआयपी मोडू का?

प्रश्न: सर, मी लातूरचा, पगार ४६,००० आहे. बायकोला दूध पिलं की पोट फुगतं, म्हणून ती म्हणायलीय घरातलं सगळंच दूध बंद करून बदामाचं सुरू करू, पोरगं चार वर्षांचं आहे त्यालाही चांगलं. रोज दीड लिटर लागतं. गायीचं ५६ रुपये लिटर आहे, इथल्या दुकानात सोया १५०, ओट २६०, बदाम २८०, तांदळाचं ३०० ला आहे. ५,००० ची एसआयपी थांबवली तर जमंल का?

नाही जमायचं. दीड लिटर बदामाचं म्हणजे रोजचे ४२०, महिन्याला १२,६००. आता गायीच्या दुधाला २,५२० जायलेत. वाढीव खर्च झाला १०,०८०, म्हणजे एसआयपी बंद करूनही वरचे ५,०८० कुठून आणणार ते तुम्हीच सांगा.

बरं पैशाचं सोडा, त्या डब्यात मिळतं काय ते बघू. गायीच्या लिटरभर दुधात साधारण ३२ ग्रॅम प्रोटीन असतं, सोयात ३० च्या आसपास, ओटमध्ये १०, बदामाच्यात जेमतेम ५, आणि तांदळाच्यात दोन-तीन ग्रॅम. आता तुमच्याच दराने हिशोब करा, एक ग्रॅम प्रोटीन गायीच्या दुधातून पावणेदोन रुपयाला पडतं, सोयातून पाचला, ओटमधून २६ ला आणि बदामाच्यातून ५६ ला. याचं कारण डब्याच्या मागंच छापलेलं असतं, घटकांच्या यादीत बदाम बहुतेक वेळा दोन-तीन टक्केच. म्हणजे २८० रुपयांच्या लिटरमध्ये २०-३० ग्रॅम बदाम, बाकी बहुतेक पाणी. मूठभर बदाम आणून भिजवून खाल्ले तर कितीतरी स्वस्त पडतात की हो.

लेकराच्या बाबतीत तर मी अजिबात हो म्हणणार नाही. त्या वयाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रोटीन आणि ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, ते गायीच्या अर्ध्या लिटरमध्ये जवळपास सगळं येऊन जातं. तेवढ्याच बदामाच्यात प्रोटीन अडीच ग्रॅम. तांदळाचं तर त्याला देऊच नका, त्यात आर्सेनिक येतं म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या लेकरांना ते देऊ नका असाच सरकारी सल्ला आहे.

आता वहिनींचं. आधी दोन आठवडे नुसतं दूध बंद करून दही-ताक चालू ठेवून बघा, कारण पोट फुगतं ते बऱ्याचदा दुधातल्या साखरेमुळं, लॅक्टोजमुळं, आणि विरजणात ती कमी होते. ताक पचलं तर प्रश्न तिथंच मिटला, खर्च शून्य. अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात असं काही होत असंल तर मात्र ती ॲलर्जी असू शकते, मग हा प्रयोग करू नका, आधी डॉक्टर.

ताकही नाही सोसलं तर सोया घ्या, पण फक्त त्यांच्या एका ग्लासापुरतं, २५० मिली. महिन्याला साडेसात डबे, १,१२५ रुपये, त्यातून तेवढ्या दुधाचे ४२० वाचतात, म्हणजे वाढीव ७०५. एवढं हॉटेलच्या खर्चातून निघंल, एसआयपीला हात लावायची गरज नाही.

घेताना मागची बाजू वाचा. कॅल्शियम १०० मिलीला १२० च्या आसपास लिहिलेलं पाहिजे, कारण या पेयांत ते मुळात फारसं नसतं, वरून घातलेलं असतं, आणि ते खाली बसतं. डबा नीट हलवला नाही तर कॅल्शियम तळाशी राहतं आणि वहिनी वरचं पाणी पिऊन मोकळ्या. दुसरी ओळ 'ॲडेड शुगर'ची. गायीच्या दुधात १०० मिलीला पाचेक ग्रॅम साखर दिसंल पण ती त्याची स्वतःची, वरून घातलेली शून्य. व्हॅनिला, चॉकलेटवाल्या सोयात मात्र सहा-सात ग्रॅम वरून घातलेली सापडते, म्हणजे एका ग्लासात चारेक चमचे. ओटचं आणखी वेगळं, साखर न घालताही गोड लागतं कारण बनवतानाच ओटमधल्या स्टार्चची साखर होते, म्हणून 'नो ॲडेड शुगर' वाचून भुलू नका.

तुम्ही लातूरचे, सोयाबीन तर दारातच आहे, मग घरीच करू का असं मनात येईलच. करा की, १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवून वाटून गाळलं की लिटरभर होतं, पण गाळल्यावर चांगलं १५-२० मिनिटं उकळा, कच्चं राहिलं की उलट पोट बिघडतं. प्रोटीन डब्यातल्यासारखंच बऱ्यापैकी येईल, कॅल्शियम नाही येणार, तेवढं जेवणात तिळाची चटणी वाढवून भरून काढा. आणि सगळ्या चहात घालायच्या आधी एका कपात थोडं टाकून बघा, आल्याच्या गरम चहात ते कधी कधी फाटतं.